खिडकीची जाळी : चोर बाहेर राहावा, पण आपण आत अडकू नये

भाजी निवडता निवडता ऐकत असाल तर निवडत राहा. फक्त मध्ये एकदा मान वर करून आपल्या घरातल्या खिडकीकडे बघा. आज आम्ही तिच्या लोखंडी जाळीविषयी बोलणार आहोत. तिला कोणी ग्रील म्हणतं, कोणी गज म्हणतं, वस्तू तीच.

खिडकीच्या ग्रीलचा आणि बचत गटाचा काय संबंध, असं कोणी विचारेल. संबंध असा आला. आपल्या लोणंदला रेल्वे आहे, कांद्याचा बाजार आहे, एमआयडीसी आहे. त्यामुळे गेल्या काही वर्षांत गावात फ्लॅटच्या इमारती उभ्या राहिल्या. खाली दुकानं, वर दोन-तीन मजले, आणि वर जायला एकच जिना. आमच्या गटातल्या बऱ्याच जणी वाड्या-वस्तीवरनं अशा फ्लॅटमध्ये राहायला आल्या. फ्लॅट ताब्यात आला की पहिलं काम काय, तर ग्रील बसवायचं. त्यासाठी गटातून कर्जाची मागणी येते. आम्हीही दोन वर्षं असे अर्ज फार विचार न करता मंजूर करत होतो. मग एका रात्री आमच्याच एका ताईंच्या घरी जे झालं, त्यानंतर आम्ही विचार करायला लागलो.

ताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्याखाली सगळ्यांचे विजेचे मीटर. पावसाळ्याचे दिवस होते. रात्री दीडच्या सुमाराला मीटरच्या पेटीतून ठिणग्या उडाल्या, वायरी जळायला लागल्या. आग फार मोठी नव्हती, पण जळत्या वायरीचा काळा धूर जिन्यातून सरळ वर चढला, जशी चूल पेटल्यावर धुराडं ओढतं तसा. ताईंनी दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं, कारण जिन्यात हात दिसत नव्हता. घरात सासूबाई, दोन मुलं आणि त्या स्वतः. मालक रात्रपाळीला. सगळे पुढच्या खोलीच्या खिडकीशी आले. खिडकीला मजबूत ग्रील, चारी बाजूंनी भिंतीत पक्कं केलेलं. खाली रस्त्यावर माणसं जमली, कोणीतरी शिडी आणली, ती खालच्या छज्जावर टेकवून दोन पोरं वर आलीसुद्धा. पण मूल बाहेर घ्यायचं कुठून? ग्रीलमधून फक्त हात बाहेर येत होता. ताई आम्हाला नंतर म्हणाल्या, "आवं, धाकटीचा हात त्या पोराच्या हातात होता, आन् पोरगी माझ्याजवळ आत. मधी गज."

त्या रात्री खालच्या दुकानदारानं मुख्य वीज तोडली, वाळू टाकली आणि पाऊण तासात धूर ओसरला. सगळे वाचले. सासूबाईंना चार दिवस खोकल्याचा त्रास झाला, तेवढ्यावर निभावलं.

सगळीकडे असं निभावत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात 3 एप्रिल 2024 ला पहाटे खालच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोचलीसुद्धा नव्हती, ती माणसं धुरानं गुदमरून गेली. मुंबईत गोरेगावला 6 ऑक्टोबर 2023 ला असंच पहाटे एका इमारतीत खाली आग लागली आणि धूर वर गेला. तिथेही सात-आठ जीव गेले. या दोन्ही घटना आम्ही एवढ्यासाठीच सांगतोय की आग खाली आणि माणसं वर, ही गोष्ट आपल्या लोणंदच्या इमारतींसारखीच आहे. जिना धुरानं भरला की घराला बाहेर उघडणारी जागा एकच उरते, ती म्हणजे खिडकी.

म्हणून आमच्या गटानं ठरवलं, की ग्रील पाहिजेच, पण घरातल्या निदान एका खिडकीच्या ग्रीलला आतून उघडणारं दार पाहिजे. आज सांगतो ते एवढंच: ते दार कुठे, केवढं आणि कसं करायचं, आणि भिंतीचा गिलावा न फोडता ग्रील कसं बसवायचं.

आधी एक गैरसमज दूर करू. उघडणारं दार केलं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून उडी मारायची, असं अजिबात नाही. तिसऱ्या मजल्यावरून उडी म्हणजे मरणच. दार कशासाठी? शिडी लागली तर बाहेर पडायला, शेजारच्या गच्चीवर किंवा छज्जावर मूल देता यावं म्हणून, अग्निशमनवाल्यांना आत येता यावं म्हणून. जिना मोकळा असेल तर जिन्यानंच उतरायचं. खिडकी हा दुसरा रस्ता आहे, पहिला नाही.

आता खिडकी कोणती निवडायची? आमच्याकडे बहुतेक जणी म्हणाल्या, "स्वयंपाकघराची करू, तिथंच गॅस असतो." पण गॅसनं आग लागली तर तुम्ही त्याच खोलीत थांबणार आहात का? खिडकी निवडताना तीन गोष्टी बघा. एक, जिथे घरातली माणसं रात्री झोपतात त्या खोलीची किंवा तिला लागून असलेल्या खोलीची खिडकी घ्या. दोन, ती रस्त्याच्या किंवा मोकळ्या जागेच्या बाजूला असावी, जिथे शिडी उभी राहू शकेल. चिंचोळ्या बोळातली खिडकी उपयोगाची नाही. तीन, ती जिन्याच्या झरोक्यावर किंवा खालच्या दुकानाच्या शटरच्या बरोबर वर नसावी, कारण धूर आणि ज्वाळा तिथूनच वर येतात. आमच्या ताईंच्या घरी पुढच्या खोलीची खिडकी या तिन्ही गोष्टींत बसली.

आता माप. इथे बहुतेकांची चूक होते, म्हणून नीट ऐका. इंग्लंडमध्ये बाहेर पडायच्या खिडकीचा नियम ठरलेला आहे. मोकळी जागा रुंदीला आणि उंचीला कुठेही 45 सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण दीड फुटापेक्षा कमी नको. एकूण मोकळी जागा साडेतीन चौरस फुटांच्या आसपास हवी. म्हणजे रुंदी दीड फूट असेल तर उंची जवळजवळ अडीच फूट पाहिजे. आणि या मोकळ्या जागेची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांपेक्षा फार वर नको, नाहीतर म्हातारं माणूस किंवा मूल चढणार कसं? आमच्या गटानं हेच माप धरलं.

पण मैत्रिणींनो, नुसत्या ग्रीलचं माप घेऊन चालत नाही. आपल्या फ्लॅटला बहुतेक सरकत्या काचेच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या असतात. चार फुटी खिडकीला दोन काचा, एक सरकवली की ती दुसरीच्या मागे जाते. म्हणजे खिडकी चार फूट दिसली तरी उघडते अर्धीच. आम्ही टेप लावून मोजलं तेव्हा ताईंच्या खिडकीची मोकळी जागा 22 इंच भरली. म्हणून ग्रीलचं दार त्याच अर्ध्या भागासमोर यायला पाहिजे. एका घरी कारागिरानं दार बरोबर मधोमध केलं होतं. काच सरकवली की अर्धं दार काचेमागे, अर्धं मोकळं. ते दार दिसायला दार, कामाला शून्य.

खिडकी तीन फुटांची असेल तर अर्धी उघडून सोळा-सतरा इंचच मिळतात. तेवढ्यातून मोठं माणूस निघणं अवघड. अशा वेळी दुसरी मोठी खिडकी निवडा, किंवा बाल्कनी असेल तर तिच्या ग्रीलला दार करा. सरकती काच वर उचलून खालून बाहेर काढता येते हे खरं, पण धुरात, अंधारात, घाबरलेल्या माणसाला ते जमेल असं धरून चालू नका.

आता ताईंच्या घरचं काम कसं केलं ते सांगतो. त्यांचं जुनं ग्रील मजबूत होतं. मालक म्हणाले, "हे सगळं काढायचं, भिंत फोडायची, परत गिलावा करायचा, परत रंग. एवढ्यात नवीन फ्रीज येतोय." त्यांचं बरोबरच होतं. जुनं ग्रील भिंतीत गाडलेलं असतं. त्याचे पाय, ज्याला मिस्त्री होल्डफास्ट म्हणतात, विटांमध्ये सिमेंटनं पक्के केलेले असतात. ते उपसायला गेलं की वीतभर गिलावा बरोबर येतो. मग आमच्या ओळखीच्या वेल्डिंगवाल्या दादांनी सोपा मार्ग सांगितला. भिंतीला हातच लावायचा नाही. आहे त्या ग्रीलमध्येच दार कापायचं.

पण कापायचा एक क्रम आहे, आणि तो चुकला तर ग्रील खिळखिळं होतं. उभे गज वरच्या आणि खालच्या पट्टीला जोडलेले असतात. मधला भाग आधी कापून टाकला तर उरलेल्या गजांची टोकं मोकळी लोंबतात. म्हणून आधी दाराच्या आकाराची चौकट जुन्या ग्रीलवरच पक्की वेल्ड करायची, सगळे गज त्या चौकटीला जोडून घ्यायचे, आणि मग चौकटीच्या आतला भाग कापायचा. आधी चौकट, मग काप. कापून निघालेला तुकडा फेकायचा नाही. त्यालाच पट्टीची चौकट करून दार तयार करायचं.

ताईंच्या दाराचं माप रुंदीला 22 इंच आणि उंचीला 36 इंच ठेवलं. चौकटीची जाडी जाऊन आत साधारण 20 आणि 34 इंच मोकळी जागा मिळाली. ती पावणेपाच चौरस फुटांच्या आसपास होते, म्हणजे लागते त्यापेक्षा जास्तच. दाराला 25 मिलिमीटर रुंद आणि 5 मिलिमीटर जाड पट्टीची चौकट आणि आत 10 मिलिमीटरचे चौकोनी गज. असं दार सहा-सात किलोचं होतं. हे वजन म्हणजे फार नाही, पण दोन बारीक बिजागऱ्यांवर वर्षभरात ते खाली झुकतं आणि मग कडी कोयंड्यात बसत नाही. म्हणून तीन बिजागऱ्या लावल्या. बिजागरीची खीळ बाहेरून ठोकून काढता येऊ नये म्हणून तिच्या टोकावर वेल्डिंगचा एक ठिपका दिला.

दार बाहेरच्या बाजूला उघडतं, कारण आत काच आणि डासांची जाळी आहे. बिजागऱ्या मधल्या उभ्या गजाच्या बाजूला ठेवल्या, म्हणजे दार पूर्ण उलटून बाहेरच्या स्थिर अर्ध्यावर जाऊन टेकतं आणि वाट अडत नाही. फक्त आधी बघून घ्या, की दाराच्या वाटेत कपडे वाळत घालायची तार, डिशची छत्री किंवा कुंड्या नाहीत ना.

एक सावधगिरी. कटर चालला की ठिणग्या दूरवर उडतात. त्या काचेवर पडल्या की काचेला बारीक खड्डे पडतात, ते कधी जात नाहीत. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर डाग बसतात आणि पडदा पेटू शकतो. म्हणून कामाआधी पडदे काढा, सरकत्या काचा उचलून आतल्या खोलीत ठेवा आणि चौकटीवर, भिंतीवर ओलं पोतं टाका. खाली रस्त्यावर एक माणूस उभा करा. शेजारी पाण्याची बादली असू द्या. काम झाल्यावर कापलेल्या आणि वेल्ड केलेल्या जागेवर लगेच लाल प्रायमर लावून घ्या, कारण तिथूनच गंज धरतो.

ज्यांना नवीन ग्रील बसवायचं आहे त्यांच्यासाठी आता गिलाव्याची गोष्ट. घर नवं, भिंत गुळगुळीत, रंग ताजा, आणि कारागीर छिन्नी घेऊन येतो. जीव हळहळतो ना? छिन्नी लागतच नाही. त्यासाठी ग्रील दुकानातच पूर्ण बनवून आणायचं, घरी वेल्डिंग करायचं नाही, आणि भिंतीला फक्त भोकं पाडून स्क्रूनं धरायचं.

माप घेताना खिडकीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. उंचीही तीन ठिकाणी मोजा. गिलावा कुठेच अगदी ओळंब्यात नसतो. यातलं सगळ्यात कमी माप धरा आणि त्यातून एक सेंटिमीटर कमी करून ग्रील बनवायला सांगा, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटिमीटर फट राहील. मोठं ग्रील ठोकून बसवायला गेलं की सगळ्यात आधी गिलाव्याचे कोपरे उडतात. फट नंतर भरता येते, उडालेला कोपरा सारखा करता येत नाही.

भोकं कुठे पाडायची? खालच्या बाजूला अजिबात नाही. तिथे बहुतेक कडप्पा किंवा ग्रॅनाइटची पट्टी असते, ती तडकते. आणि पावसाचं पाणी तिथेच साचतं, ते भोकातून भिंतीत उतरतं, मग आतून रंगाला फोड येतात. ग्रील बाजूच्या दोन भिंतींवर धरायचं. चार फूट उंचीला दोन्ही बाजूंना तीन-तीन, म्हणजे सहा ठिकाणी. ग्रीलच्या चौकटीला दुकानातच भोक पाडलेले कान वेल्ड करून घ्या. भोक भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून निदान अडीच-तीन इंच आत असावं. कडेजवळ भोक पाडलं की स्क्रू आवळताना कोपऱ्याचा तुकडाच निघून येतो.

गिलाव्याला ताकद नसते, हे लक्षात ठेवा. तो भिंतीचा अंगरखा आहे, हाडं नव्हेत. त्याची जाडी अर्धा ते पाऊण इंच असते. स्क्रू गिलावा ओलांडून विटेत दोन-अडीच इंच जायला पाहिजे. म्हणून 10 मिलिमीटर जाड आणि 100 मिलिमीटर लांब अशी नायलॉनची गिट्टी आणि तिचा स्क्रू घ्या. दीड इंची गिट्टी, जी आपण देवाच्या फोटोला वापरतो, ती इथे चालत नाही. ग्रील धरल्यासारखं दिसतं, पण कोणी दोन हातांनी ओढलं की गिलाव्यासकट बाहेर येतं.

भिंत कशाची आहे ते बिल्डरला किंवा मिस्त्रीला विचारा. लाल वीट असेल तर भोक विटेत आलं पाहिजे, दोन विटांमधल्या सिमेंटच्या सांध्यात नाही. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर वीट, राखाडी आली आणि ड्रिल भसकन आत गेलं तर सांधा. तसं झालं तर ते भोक सोडून कानाची जागा दोन इंच वर-खाली करा. सिपोरेक्सचे पांढरे ब्लॉक असतील तर भुकटी पांढरी येते. ते ब्लॉक मऊ असतात, त्यात लोखंडी फास्टनर फुगवला की ब्लॉकच फुटतो. तिथे लांब नायलॉनची गिट्टीच वापरायची आणि ड्रिलचा ठोका बंद ठेवून नुसतं फिरवत भोक पाडायचं.

गिलावा वाचवायची युक्ती अगदी साधी आहे. भोकाच्या जागी कागदी चिकटपट्टी लावा, तिच्यावर पेन्सिलनं खूण करा. पहिला पाऊण इंच, म्हणजे गिलावा संपेपर्यंत, ड्रिलचा ठोका बंद ठेवा. वीट लागली की मगच ठोका सुरू करा. आधीपासून ठोका दिला की गिलाव्याची खपली उडते. भोकातली भुकटी फुंकणीनं किंवा सायकलच्या पंपानं काढा, कारण भुकटीत गिट्टी घट्ट बसत नाही, नुसती फिरत राहते. कानाखाली वॉशर घाला आणि सगळे स्क्रू आधी थोडे थोडे, मग आळीपाळीनं पूर्ण आवळा. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला की ग्रील तिरकं ओढलं जातं आणि दुसऱ्या बाजूचा गिलावा दाबला जातो. शेवटी कानांभोवती आणि बाजूच्या फटीत बाहेर चालणारं सिलिकॉन भरून घ्या. सिमेंट भरू नका. लोखंड उन्हानं प्रसरण पावतं आणि सिमेंटला तिथेच चीर पडते.

भोक पाडायच्या आधी बोटाच्या पेरांनी गिलाव्यावर टकटक करून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. मडक्यासारखा पोकळ आवाज आला तर तिथला गिलावा आधीच भिंतीपासून सुटलेला आहे. तिथे कान ठेवू नका. ठेवला आणि पापुद्रा पडला, तर दोष कारागिराचा नसतो.

आता सगळ्यांचा प्रश्न, जो आमच्या बैठकीतही पहिला आला: "उघडणारं दार केलं म्हणजे चोराला दार केलं की." भीती खरी आहे. तळमजला आणि पहिला मजला असेल तर दाराला कुलूप लावा. पण किल्ली कुठे ठेवायची, यावर सगळं अवलंबून आहे. कपाटात नाही, देवघरात नाही, मालकांच्या खिशात तर नाहीच. किल्ली त्याच खोलीत, त्याच भिंतीवर, ग्रीलमधून बाहेरून हात घातला तर पोचणार नाही एवढ्या अंतरावर, म्हणजे तीन फुटांच्या पलीकडे, एका खिळ्याला टांगा. तिला लाल फीत बांधा. आणि तो खिळा दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही, असा घरात नियम करा. वरच्या मजल्यांवर, जिथे चोराला चढायला पाइप किंवा छज्जा नाही, तिथे कुलपाऐवजी आतून अडसर पुरतो. गजांमधून हात घालून तो ओढता येऊ नये म्हणून त्याच्यावर पत्र्याचं झाकण वेल्ड करून घ्या. घरात लहान मुलं असतील तर अडसर जमिनीपासून पाच फुटांवर घ्या, म्हणजे मोठ्यांच्या हाताला येईल, पोरांच्या नाही.

मुलांसाठी आणखी दोन गोष्टी. दोन गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर लहान मुलाचं अंग त्यातून जातं आणि डोकं अडकतं. आणि खालच्या तीन फुटांत आडवे गज नकोत. नक्षीसाठी आडव्या पट्ट्या घेतल्या की मुलाला ती शिडीच वाटते. खाली उभे गज, नक्षी हवीच तर वर.

बाहेर काढलेल्या पेटीसारख्या ग्रीलबद्दलही विचारणा होते. त्यात कुंड्या ठेवता येतात, बसता येतं, म्हणून बायकांना ते आवडतं. पण त्याचं वजन भिंतीला बाहेर ओढतं, सगळा भार वरच्या स्क्रूंवर येतो आणि गिलावा आधी तिथेच सुटतो. पेटीला दार करायचं तर ते समोरच्या बाजूला करावं लागतं आणि तिथपर्यंत पोचायला कुंड्यांवरून जावं लागतं. बाहेर पडायच्या खिडकीला तरी आमचा गट सपाट ग्रीलच सांगतो.

ताईंच्या घरचं काम एका दिवसात झालं. संध्याकाळी आम्ही सहाजणी बघायला गेलो. दार छान दिसत होतं. मालक म्हणाले, "झालं आता." तेव्हा आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "थांबा, दिवा घालवा." दिवा घालवला आणि सासूबाईंना सांगितलं, की किल्ली काढून दार उघडा. सासूबाई चाचपडल्या. किल्ली सापडली, पण कुलूप उघडेना, कारण ते उलटं लागलं होतं, किल्लीचं तोंड बाहेरच्या बाजूला. चार-पाच मिनिटं गेली. मग कुलपाची कडी फिरवून घेतली, किल्लीचं तोंड आतल्या बाजूला आलं, आणि पुन्हा करून बघितलं. दुसऱ्या वेळी आम्ही तीस अंक मोजायच्या आत दार उघडलं. थोरल्या मुलीनं, ती दहा वर्षांची आहे, वीस अंकांत उघडलं. दार कारागिराच्या हातानं उघडून भागत नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान शहाण्या माणसाच्या हातानं, अंधारात उघडलं, तरच ते दार.

हीच तपासणी आम्ही आता दर महिन्याला करतो. हप्ता भरायच्या बैठकीच्या आदल्या दिवशी प्रत्येकीनं दार उघडायचं, बिजागरीत आणि कुलपात दोन थेंब तेल सोडायचं. लोणंदच्या पावसाळ्यात कुलूप दोन महिन्यांत गंजतं. दिवाळीला रंग देताना तर खास लक्ष द्या. रंगारी दार बंद ठेवून त्याच्यावरूनच ब्रश फिरवतो, फटीत रंग वाळतो आणि दार चिकटून बसतं. रंग देताना दार उघडंच ठेवायचं आणि वाळल्यावरच लावायचं.

आमच्या गटानं कर्जाच्या अर्जाला आता एक ओळ जोडली आहे. ग्रीलसाठी पैसे हवे असतील तर निदान एक दार, आणि काम झाल्यावर दोन सदस्यांसमोर अंधारातली तपासणी. तीन अर्ज असे मंजूर झाले. एका घरी मालकांचं अजून मन वळलेलं नाही. ते म्हणतात, "आजवर आग लागली नाही." त्या ताई आम्हाला म्हणाल्या, "चोर तरी आजवर कुठं आलाय?" पुढच्या बैठकीला त्या मालकांनाच घेऊन येणार आहेत.

जाता जाता एवढं सांगतो. धूर दिसला तर दार लावून घ्या, दाराच्या खालच्या फटीत ओली चादर कोंबा, जमिनीलगत वाका कारण हवा खाली असते, खिडकीशी या आणि 101 किंवा 112 ला फोन लावा. आणि आज रात्री, सगळे झोपायच्या आधी, आपल्या ग्रीलला एकदा हात लावून बघा. ते उघडतं का? उघडत असेल तर किल्ली कुठे आहे?

बरं, मैत्रिणींनो, येतो आम्ही. रामराम.